दोन टाळ्यांची जागा

टाळ्या आल्या नाहीत. खरं तर आल्या. पुढच्या सहा-सात रांगांतून नेहमीसारख्या दोन टाळ्या आल्या. पण त्यांच्या मागून, वरच्या रांगांतून, त्याच दोन ठोक्यांवर दुसरंच काहीतरी आलं, आणि भोंग्याला ते ऐकू येण्याआधी दिसलं. भोंगा म्हणजे या स्टँडचा म्होरक्या. कठड्याला बांधलेल्या लाकडी फळीवर उभा राहून, हातात कर्णा घेऊन, तीन हजार माणसांकडून घोषणा म्हणवून घेणारा माणूस. त्याची पाठ मैदानाकडे आणि तोंड माणसांकडे. अठरा वर्षं तो प्रत्येक सामन्याला हजर आहे आणि अठरा वर्षांत त्याने धड अठरा गोल पाहिलेले नाहीत. गोल झाला की त्याला तो तीन हजार तोंडांवर दिसतो. चेंडू बारला लागला की डोक्यावर गेलेले हात दिसतात. त्यामुळे चेहऱ्यांची त्याला अशी काही ओळख झालेली की कुणाच्या बायकोचं बिनसलंय आणि कुणाची दाढ दुखतेय हेसुद्धा तो फळीवरून सांगेल. आणि आत्ता, बासष्टाव्या मिनिटाला, चौदाव्या रांगेत खांबाशेजारी त्याला एक तोंड 'पा' म्हणताना दिसलं. ओठ मिटून उघडले. पाठोपाठ दोन हात छातीपाशी आले आणि डावीकडून उजवीकडे झुलले. आजूबाजूचे पाच-सहाजण हसले. ते हसणं नेहमीचं नव्हतं. नेहमीच्या हसण्यात माणसं मैदानाकडे बघतात. हे एकमेकांकडे बघून हसत होते.

पाळणा! पाळणा!

मग ऐकू आलं. भोंग्याने कर्णा खाली घेतला. कारण ते तोंड त्याच्या दादाचं होतं.

घोषणा त्याचीच होती, चार वर्षांपूर्वीची. समोरच्या संघाचा तो लाडका पोरगा, ज्याला या स्टँडने डावऱ्या असं नाव ठेवलं होतं, तेव्हा नुकताच नावारूपाला आला होता. डावा पाय असा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, आणि उजवा पाय नुसता उभं राहायला. भोंगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो, फ्रेममध्ये बसवतो. दुपारी डबा उघडला की समोर फोन टेकवून तो डावऱ्याचे जुने सामने बघायचा, पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून, भिंगातला चरा शोधावा तसा. चिडवायचं म्हणजे आधी नीट बघावं लागतं. ज्यांना तो आवडायचा ते नुसते वाहवा करून मोकळे व्हायचे, पण भोंग्याला ठाऊक होतं की चेंडू उजवीकडे आला की हा बाबा अर्धं पाऊल जास्त टाकतो, स्वतःभोवती एक गिरकी घेतो आणि चेंडू डाव्या पायावर आणतो, आणि त्या अर्ध्या पावलात आपला बचावपटू पोचू शकतो. त्यावरून घोषणा झाली. भोंगा विचारणार, 'उजवा पाय कुठे रे?' स्टँड म्हणणार, 'घरी! घरी!' भोंगा विचारणार, 'घरी काय करतो रे?' स्टँड म्हणणार, 'झोपला! झोपला!' एवढंच. शेवटी 'आ', कारण 'आ'ला तोंड मोठं उघडतं आणि आवाज वाऱ्यात टिकतो. ओळ चार ठोक्यांची, कारण मागच्या रांगांपर्यंत ड्रमचा आवाज पोचून त्यांचा आवाज परत येईतो क्षणाचा एक तुकडा निघून जातो. ओळ लांब केली की पुढचे आणि मागचे एकमेकांत अडकून सगळा काला होतो. पहिल्यांदा म्हटली तेव्हा डावऱ्या कोपऱ्यावर आला होता, आणि म्हणे हसला होता. म्हणे, कारण भोंग्याने ते पाहिलं नव्हतं. त्याने ते शिवणवालीच्या चेहऱ्यावर पाहिलं.

शिवणवाली पहिल्या रांगेत असते. स्टँडचे सगळे फलक ती शिवते, बाकी दिवस शाळांचे गणवेश. तिने गुरुवारी विषय काढला होता. दर गुरुवारी टायरवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत तिघं बसतात, ती, ड्रमवाला आणि भोंगा, आणि शनिवारी काय म्हणायचं ते ठरतं. "ते 'झोपला' काढून टाक," ती म्हणाली. सात आठवड्यांपूर्वी डावऱ्याला मूल झालं होतं आणि अकरा दिवसांनी गेलं होतं. पेपरात तीन ओळी आल्या. चार सामने तो खेळला नाही. "घरी झोपला म्हटलं की कुणाच्याही मनात तेच येणार," ती म्हणाली, "आपल्या मनात नसलं तरी." भोंग्याला पटलं. त्याला तर आधीच वाटत होतं, फक्त तो बोलला नव्हता. त्यांच्यात लिहिलेला नियम कधी नव्हता, पण होता: त्याने मैदानावर जे केलं त्यावर बोला, हवं तितकं बोला. आपटी खाल्ली, पेनल्टी उडवली, पंचाकडे रडत गेला, सोडू नका. घर, अंग, आईबाप, मेलेलं माणूस, हात लावायचा नाही. "अख्खी घोषणाच सोडू का?" त्याने विचारलं, आणि त्याच्या स्वतःच्याच आवाजात त्याला ऐकू आलं की सोडायची नाहीये. फार चांगली जमलेली चीज होती ती. "मग शेवटी दोन टाळ्या," तो म्हणाला. "घरी काय करतो रे, आणि टाळी, टाळी. संपलं." ड्रमवाला बोटांनी टेबलावर वाजवून बघत होता. "रिकामं राहतंय," तो म्हणाला. "माणसांना चार वर्षांची सवय आहे तिथे काहीतरी म्हणायची." भोंग्याने हात झटकला. अठरा वर्षांचा म्होरक्या! ज्या माणसाला ठाऊक आहे की गर्दीला रिकामा ठोका सहन होत नाही, पंचाने शिट्टी तोंडात धरली तरी तेवढ्यात चार शिव्या भरल्या जातात, तो माणूस सभ्यपणा करायला गेला आणि तीन हजार माणसांच्या तोंडासमोर दोन ठोक्यांची जागा उघडी ठेवून आला. कोण भरणार तिथे? ज्याच्या जिभेला सगळ्यांत आधी सुचतं तो. आणि लहानपणापासून सगळ्यांत आधी दादाला सुचतं.

दादा म्हणजे घरातला हशा. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. अडकलेल्या लिफ्टमधल्या घाबरलेल्या माणसांशी वरून असं काही बोलतो की बाहेर आल्यावर ती हसत असतात. भोंग्याला सामन्याला पहिल्यांदा त्यानेच नेलं. तेव्हा भोंग्याला भोंगा कुणी म्हणत नव्हतं, तेव्हा तो अडखळायचा. 'प'वर, 'ब'वर, स्वतःच्या नावावर. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायचा. दादाने त्याला स्टँडमध्ये उभं केलं, घोषणा सुरू झाली, आणि त्या पोराच्या तोंडून 'प'सकट, 'ब'सकट शब्द घरंगळत बाहेर आले. सगळ्यांबरोबर म्हणताना जीभ अडकत नाही, हा शोध त्याला तिथे लागला; डॉक्टरांना तो आधीपासून ठाऊक होता म्हणे, पण त्याला कोण सांगणार? त्या दिवशी तो घरी येऊन घसा बसलेल्या आवाजात रडला होता आणि दादाने त्याचीच हुबेहूब नक्कल करून आईला हसवलं होतं. अडखळण्याचीही करायचा. वाईट वाटायचं आणि हसूही यायचं. इतकी अचूक नक्कल करायला दादाने आपल्याला किती बारकाईने ऐकलं असेल, असंही त्याला पुढे कधीतरी वाटलं होतं.

त्यानंतर घोषणा भोंग्याने दिलीच नाही. गरजच नव्हती. ती आता त्याची राहिली नव्हती. चौदाव्या रांगेतून ती पंधराव्या-सोळाव्यात गेली, आणि आता तिथेच कुणीतरी विचारत होतं आणि तिथेच उत्तर येत होतं, रिकामा पाळणा, रिकामा पाळणा, आणि हात झुलत होते. त्याच्या पाठीमागे, पंधरा फुटांवर, कोपऱ्याच्या झेंड्यापाशी डावऱ्या चेंडू ठेवत होता. शिवणवालीने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. भोंगा वळला. सामना चालू असताना तो कधीच वळत नाही, म्होरक्या वळला की स्टँड सुटतो. पण वळला. आणि त्याने डावऱ्याला पहिल्यांदा एवढ्या जवळून, फोनच्या काचेशिवाय, पाहिलं. केवढासा होता! कानामागे एक जुना व्रण होता. चेंडू ठेवून तो तीन पावलं मागे गेला होता आणि तिथे नुसता उभा होता. रडत नव्हता. स्टँडकडे बघत होता, रांगेमागून रांग, कुणालातरी शोधावं तसं. मग त्याने दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवून हात वर केले. खेळ थांबवण्याची ती खूण सगळ्यांना ठाऊक आहे. पंचाने लांबूनच शिट्टी वाजवली.

अशा वेळी नियमात तीन पायऱ्या असतात, पहिली म्हणजे खेळ थांबवून सूचना. ध्वनिक्षेपकावर बाईचा कोरडा आवाज आला, उत्तरेकडील स्टँडमधून खेळाडूच्या कौटुंबिक दुःखावरून अपमानकारक घोषणा दिल्या जात आहेत, त्या त्वरित थांबवाव्यात. आणि इथे जे झालं ते भोंगा पुढे कितीतरी दिवस उलटून पालटून बघत राहिला. ज्यांनी काहीच ऐकलं नव्हतं, ज्यांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या, ती माणसं चिडली. आम्ही? आम्ही काय केलं? शून्य-शून्य आहे म्हणून वेळ काढतोय भामटा! एक सभ्य गृहस्थ, औषधाच्या दुकानातला, नातीला घेऊन येणारा, उभा राहून "रड्या" म्हणून ओरडत होता. आपल्यावर आळ आला असं वाटलं की माणूस आळ खरा करून दाखवतो की काय कोण जाणे. शिट्टी झाली, डावऱ्या पुन्हा चेंडूपाशी आला, आणि आता पाळणा शंभर तोंडांत होता. पंचाने मनगटावरचं घड्याळ थांबवलं आणि दोन्ही संघांना आत जायची खूण केली. दुसरी पायरी. तिसरीत सामना रद्द होतो आणि यजमान हरतात. त्याची भोंग्याला तेव्हा आठवणही झाली नाही. डावऱ्या बोगद्याकडे चालत जाताना त्याची मान खाली नव्हती, हे मात्र त्याला दिसलं, आणि मनात आलं, काय माणूस आहे! मी असतो तर पळालो असतो.

त्याने कर्णा तोंडाला लावला. जिभेला सावरणारा ड्रमचा ठेका नव्हता, सोबत कुणी नव्हतं, तीन हजार माणसं होती आणि एकटा तो. "ब," तो म्हणाला. "ब, ब, ब," आणि कर्ण्यातून ते सगळ्या मैदानावर गेलं. अठरा वर्षांत ज्यांना कल्पना नव्हती त्यांना आता कळलं. हशा पिकला. वरून कुणीतरी त्याच तालावर "ब, ब" म्हटलं. त्याचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी तो "बंद करा"पर्यंत पोचला, पण तोवर ते कुणाला ऐकू जाण्यासारखं राहिलं नव्हतं. ड्रमवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. शिवणवालीने कुणाला न विचारता कठड्यावरचा मोठा फलक सोडायला घेतला, चाळीस फुटांचं कापड, दोन महिन्यांचं काम, आणि ते ती एकटीच गुंडाळू लागली. तिच्याकडे बघून पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्या नाही.

सुरक्षेचा प्रमुख फळीपाशी आला तो घामाघूम. "सुरुवात कुणी केली ते पाहिजे," तो म्हणाला. "तो बाहेर गेला तरच संघ परत येतील, पंच तेवढंच म्हणतायत. खांबामुळे कॅमेऱ्यात दिसत नाही. तुझं तोंड तिकडेच असतं ना?" स्टँडमधलं माणूस बाहेरच्याला दाखवायचं नाही, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. दुकान फोडलेल्याला इथे लपवलं होतं, बायकोला मारणाऱ्याला लपवलं होतं. दोन्ही वेळा भोंग्याने वर छताकडे पाहिलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. आता त्याने चौदाव्या रांगेकडे पाहिलं. दादाही त्याच्याकडेच बघत होता. दादा हसत नव्हता. त्याने किंचित मान हलवली, नाही म्हणून, अगदी किंचित, लहानपणी आईसमोर हलवायचा तशी. बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ करणारा दादा. भोंग्याला वाटलं, आपण आत्ता वर बघितलं तर काहीही होणार नाही, सामना रद्द होईल, चार शिव्या पडतील, सोमवारी भिंगं घासायला बसू. आणि डावऱ्या घरी जाईल. घरी. त्याच्या घरी ती वस्तू अजून असेल का, की कुणीतरी उचलून माळ्यावर टाकली असेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने हात वर केला, बोट सरळ केलं आणि चौदाव्या रांगेतल्या खांबाकडे रोखलं. तीन हजार माणसांनी त्या बोटाच्या रेषेत मान वळवली. दादाला दोघे न्यायला आले तेव्हा त्याने प्रतिकार केला नाही. "अरे, गंमत केली," एवढंच तो आजूबाजूला म्हणत राहिला, आणि पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

सामना संपला शून्य-शून्यच. उरलेली अठ्ठावीस मिनिटं स्टँड मुका होता. डावऱ्याने तो कॉर्नर घेतला, चेंडू कुणाच्यातरी डोक्याला लागून बाहेर गेला. पुढे दोनदा तो त्याच कोपऱ्यावर आला, दोन्ही वेळा त्याच तीन पावलांनी मागे गेला, आणि भोंगा सरळ त्याच्याकडे तोंड करून बघत राहिला. आता त्याला सांभाळायला काही उरलंच नव्हतं.

जबाब द्यायची खोली कपडे बदलण्याच्या खोल्यांशेजारी होती, ट्यूबलाइटची, ओल्या टॉवेलांच्या वासाची. टेबलाशी लिहून घेणारा अधिकारी, भिंतीशी पंच, आणि खुर्चीत न बसता उभा असलेला डावऱ्या, ओले केस, पायात चपला. तक्रारदारासमोर नेमके शब्द नोंदवावे लागतात. 'अपमानकारक बोलला' असं लिहून चालत नाही, पुढे टिकत नाही. "जसंच्या तसं सांगा," अधिकारी म्हणाला. भोंग्याने तोंड उघडलं. शब्द 'प'चा होता. ओठ मिटले ते उघडेनात. अधिकाऱ्याने पेन टेकवलं, पंच बुटाकडे बघू लागला. "लिहून देतो," अशी खूण भोंग्याने केली. "सांगू द्या त्यांना," डावऱ्या म्हणाला, आणि थांबला. घाईत नव्हता. मिनिटभर लागलं असेल. भोंग्याने ते शब्द त्या माणसाच्या तोंडावर उच्चारले, एकेक तुकडा करून, आणि उच्चारताना त्याला कळलं की गर्दीत हेच किती सोपं जातं.

"सुरुवात करणाऱ्याचं तुमच्याशी नातं?"

"भाऊ."

"चुलत?"

"सख्खा. मोठा." मग तो म्हणाला, "माझंही ल-लिहा. ती जागा मी रिकामी ठेवली." त्याने टाळ्यांचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काही लिहिलं नाही, कारण तसा रकाना नव्हता.

बाहेर पडताना डावऱ्या दारापाशी आडवा आला. "ते उजव्या पायाचं तुमचं का?" त्याने विचारलं. भोंग्याने मान हलवली. "चार वर्षं आमच्या संघातली पोरं मला ते म्हणून दाखवतात. मीही म्हणतो, आंघोळ करताना. त्या गाण्यापायी रोज एक तास उजव्या पायाने भिंतीवर चेंडू मारतो मी. अजून येत नाही नीट, तुम्ही बरोबर बोलता." तो जरासा हसला, आणि मग ते हसू त्याच्याच चेहऱ्यावर कुठे ठेवावं त्याला कळेना. "त्याला मला उत्तर देता येत होतं. आजच्याला काय उत्तर देऊ?" डावऱ्याने त्याच्या दंडाला हात लावला आणि तो गेला. या माणसावर एवढी वर्षं आपण इतकं लक्ष दिलं ते उगीच नव्हे, असं भोंग्याला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

दादा गाड्या लावायच्या जागेत, कडेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसला होता. हातात पिवळा कागद होता, आजीवन प्रवेशबंदीचा. ऊन उतरलं होतं. माणसं त्याला वळसा घालून जात होती. भोंगा त्याच्याशेजारी बसला; उठून जाईल असं वाटलं होतं, गेला नाही.

"आत काय सांगितलंस?" दादाने विचारलं.

"जे झालं ते."

"त्याच्यासमोर?"

"हो."

"शब्दासकट?" भोंग्याने मान हलवली. दादा बराच वेळ कागदाची घडी घालत राहिला, उघडत राहिला. "अडखळलास?"

"खूप."

"कोणी हसलं?"

"नाही. कोणीच नाही. तो उभा राहून ऐकत होता."

दादाने कागद गुडघ्यावर ठेवला आणि त्यावरून तळवा फिरवला. "मी असतो तर हसलो असतो रे," तो म्हणाला, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. भोंग्याला क्षणभर वाटलं की हा आता कुणाचीतरी नक्कल करणार. पण तो रडत होता.